केसांचा रंग, सुजलेले डोळे आणि एक कार्ड

सोमवारी सकाळी पार्लर उघडायच्या आधीच फोन आला. शनिवारी केसांना रंग लावून गेलेल्या बाई होत्या. "ताई, डोळे उघडत नाहीत. तुमच्या रंगानं झालंय."

धारवाडच्या सुभाष रोडवर दुकान म्हणजे बातमी भाजीबाजारापर्यंत पोचायला दुपारही लागत नाही. तरी पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. श्वास लागतोय का, ओठ किंवा जीभ सुजलीय का, हे विचारलं. तसं असतं तर थेट इस्पितळ. तसं काही नव्हतं, पापण्याच सुजल्या होत्या आणि खाज होती. शेजारणीनं दिलेली ट्यूब लावू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. दुकानात सहज मिळणाऱ्या त्या मलमांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, आणि डोळ्यांजवळ ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आजच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, पहिल्या भेटीची फी मी देते, म्हणाले. "आमची चूक झाली" असंही म्हटलं नाही आणि "आमच्यामुळे झालं नाही" असंही. कारण कळायच्या आधी दोन्ही खोटंच ठरलं असतं.

मग कार्ड काढलं. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं असतं. त्यात तारीख, रंगाचं नाव, शेड, बॅच नंबर, किती वेळ ठेवला आणि आधीच्या चाचणीचा निकाल असतो. त्यांची चाचणी गुरुवारी कानामागे केली होती, शनिवारी त्वचा साफ होती. केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं आणि अ‍ॅलर्जीचं मोठं कारण तेच. म्हणूनच अशा रंगाच्या खोक्यावर आधी चाचणी करण्याची सूचना छापावी लागते. वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यालाही ही अ‍ॅलर्जी नव्यानं होऊ शकते, त्यामुळे मागच्या दिवाळीची चाचणी या वेळी चालत नाही. पण साफ चाचणी म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे. त्या कार्डाच्या जोरावर त्यांना खोटं ठरवणं मला शक्य नव्हतं.

संध्याकाळी त्या दुकानात आल्या. परवानगी घेऊन उजेडात फोटो काढले, तारीख घातली. पापण्या लाल, सुजलेल्या. मानेवर एका बाजूला दोन लाल चट्टे. पण केसांची कड, कानांचा वरचा भाग आणि कानामागची जागा स्वच्छ. रंगाची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा तिथेच उठते, पापण्या नंतर किंवा सोबत सुजतात. मला हे खटकलं. निदान करणं माझं काम नाही, म्हणून कार्डाची झेरॉक्स, रंगाचं रिकामं खोकं आणि फोटो डॉक्टरांना दाखवायला दिले.

कार्डावरची शेवटची ओळ डॉक्टरांनी वाचली: नेलपॉलिश, आमच्याकडेच लावलेलं, तेही त्याच शनिवारी. नखांच्या रंगातल्या काही रेझिनची अ‍ॅलर्जी असेल तर नखाभोवती बऱ्याचदा काही दिसत नाही. पॉलिश ओलं असताना बोटं डोळ्यांना, मानेला लागतात, आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ. पुरळ पूर्ण बसल्यावर त्यांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली. पट्ट्या दोन दिवसांनी काढून त्वचा एकदा पाहिली, आणखी दोन दिवसांनी पुन्हा. पीपीडी नकारात्मक. टोसिलामाइड फॉर्माल्डिहाइड रेझिन सकारात्मक.

म्हणजे रंग सुटला, पण पॉलिशही माझ्याच दुकानाचं. ते नोंदवलंच नसतं तर बहुधा पाप रंगावरच गेलं असतं. कार्डावर फक्त स्वतःला सोयीच्या ओळी लिहायच्या असतील तर ते ठेवूच नये, असं माझं मत.

त्यांचे पती रंगाचे पैसे आणि डॉक्टरांचं सगळं बिल मागत होते. मी रंगाचे पैसे परत द्यायला नकार दिला, पॉलिशचे दिले, आणि डॉक्टर व टेस्टच्या उरलेल्या खर्चाचा अर्धा वाटा उचलला. त्यांना ही अ‍ॅलर्जी असल्याचं आधी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून अर्धा. कागद दोन प्रतींत केला, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. पैसे कशाबद्दल दिले आणि कारण काय निघालं, एवढंच त्यात. दोघांच्या सह्या. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तो कागद, फोटो आणि डॉक्टरांच्या अहवालाची प्रत त्याहून जास्त काळ ठेवायचं ठरवलंय.

फोटो मी कुणालाही दाखवले नाहीत. शेजारच्या दुकानदारानं "काय झालं हो त्या बाईंना?" विचारलं, तेव्हा "त्यांनाच विचारा" एवढंच म्हटलं.

त्या अजून येतात. केसांचा रंग घेतात, दर वेळी चाचणी होते. पॉलिशच्या रकान्यात लाल शाईनं त्या रेझिनचं नाव लिहिलंय, आणि नवीन बाटली आली की तिच्यावरची घटकांची यादी त्या स्वतः वाचतात. पतींना अजूनही वाटतं की रंगानंच झालं.