मांजरवाल्या ताईंना पत्र

लेकीला पर्शियन मांजराचं पिल्लू हवंय. पिल्लू बघितलं की माझं काही चालणार नाही, हे ठाऊक असल्याने बघायला जाण्याआधीच ब्रीडर ताईंना पत्र लिहिलं. बायको म्हणाली, "मांजर आणतोयस की सोयरीक जमवतोयस?" तिचं फारसं चुकलं नाही. पहिला प्रश्न आईबापाचाच होता.

"ताई, दोघांची पीकेडीची जनुकीय चाचणी झाली आहे का? झाली असल्यास रिपोर्ट पाठवाल का? त्यावर मांजराचा मायक्रोचिप नंबर असावा."

पर्शियन मांजरांत हा मूत्रपिंडाचा आजार पिढीजात चालतो. पाण्याच्या बारीक गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात. लक्षणं दिसतात ती बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास. तोवर त्या मांजराची कितीतरी पिल्लं घरोघरी गेलेली असतात! म्हणून "आईबाप ठणठणीत आहेत, येऊन बघा" या उत्तराला अर्थ नाही. आईबापांपैकी एकात जरी सदोष जनुक असलं तरी प्रत्येक पिल्लाला तो आजार येण्याची शक्यता निम्मी. २००४ साली हे जनुक सापडलं, तेव्हापासून गालाच्या आतून बोळा फिरवून चाचणी करता येते.

दुसरा प्रश्न लसींचा. जाहिरातीत लिहिलं होतं, "आठ आठवड्यांचं पिल्लू, सर्व लसी पूर्ण." हे कसं शक्य आहे? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्फळ करू शकते, आणि ती कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत देतात. रेबीजची साधारण बाराव्या आठवड्यात. मी लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेल्या, डॉक्टरांची सही असलेल्या कार्डाचा फोटो मागितला.

तिसरा, कराराचा. त्यांची हमी पंधरा दिवसांची, आणि "आजारी निघाल्यास पिल्लू परत करून दुसरं न्यावं." सात वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला पंधरा दिवस काय कामाचे? आणि लेकीच्या उशाशी झोपलेलं मांजर परत कोण करणार? मी सुचवलं: जनुकीय दोष निघाला तर मांजर आमच्याकडेच राहील, निम्मी किंमत परत द्यावी.

ताईंचं उत्तर सरळ होतं. लसीचा एकच डोस झालाय, उरलेले आम्ही द्यायचे. कराराची अट मान्य. आईचा रिपोर्ट जोडला होता, निर्दोष. बोका मात्र दुसऱ्यांचा, आणि ते चाचणीला तयार नाहीत.

म्हणजे अर्धंच उत्तर. आई निर्दोष असली तरी बाप सदोष असेल तर पिल्लाची शक्यता निम्मीच राहते. मग पिल्लाचीच चाचणी करायचं ठरलं, खर्च आमचा. गेल्या सोमवारी त्यांच्या डॉक्टरांनी बोळा फिरवून नमुना पाठवला.

लेकीने नाव ठरवून ठेवलंय. रिपोर्ट येईपर्यंत ते मला सांगू नकोस, असं तिला बजावलंय.