फ्राइड राइसमधला गहू

मुलीला सीलिअॅक असल्याचं निदान झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. घरातल्या पोळ्या गेल्या, ज्वारीच्या भाकऱ्या आल्या. बाजारच्या हिंगात मैदा असतो हे आईनं शोधून काढलं, मग ती डबीही गेली. शनिवारचा फ्राइड राइस मात्र चालू राहिला. भातच तर आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

सहा महिन्यांनी रक्ततपासणीत अँटिबॉडीज हव्या तितक्या उतरल्या नव्हत्या. "वेळ लागतोच, पण नकळत कुठून गहू पोटात जातोय का बघा," असं डॉक्टर म्हणाल्या. त्या रात्री मी स्वयंपाकघरातली एकेक बाटली वाचत बसलो. सोया सॉसवर छापलं होतं: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ.

सोयाच्या सॉसमध्ये गहू कशाला? जपानी पद्धतीच्या नेहमीच्या सॉसमध्ये, म्हणजे कोइकुचीमध्ये, वाफवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू जवळपास समसमान घेतात. त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात आणि ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवतात. सॉसचा गोडवा आणि सुवास बराचसा या गव्हातूनच येतो. फिकट रंगाच्या शिरोमध्ये तर सोयापेक्षा गहूच जास्त असतो.

इतके महिने आंबवल्यावर ग्लुटेन उरेल कशाला, असं मलाही वाटलं. ते तुटतं हे खरं, पण त्याचे तुकडे राहू शकतात. नेहमीची चाचणी अख्ख्या प्रथिनासाठी बनवलेली असल्यामुळे हे तुकडे तिच्यातून निसटू शकतात. म्हणून सॉस आंबवलेला आहे किंवा चाचणीत काही सापडलं नाही, एवढ्यावर विसंबता येत नाही. मुळात गहू घातलाच नव्हता ना, हे बघायचं.

गव्हाशिवायचा प्रकार म्हणजे तामारी. जपानच्या आइची, गिफु, मिए भागातला हा दाट, गडद सॉस जवळजवळ नुसत्या सोयाबीनचा असतो. 'जवळजवळ' म्हणायचं कारण, काही तामारींमध्ये थोडा गहू घालतात. त्यामुळे नुसतं नाव वाचून चालत नाही. घटकांत गहू नको आणि वर 'ग्लुटेन फ्री' हवं. आपल्याकडे त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. काही कंपन्या गव्हाऐवजी तांदूळ घालूनही सॉस आंबवतात, तोही चालतो. आपल्याकडचे स्वस्त सॉस बऱ्याचदा आंबवलेले नसतातच. त्यांच्यातही गव्हाचं प्रथिन असू शकतं, म्हणून ॲलर्जीची ओळ वाचायचीच.

आता घरात तामारी आहे. ती महाग पडते, पण चमचाभर पुरते. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. श्रेय बाटली बदलल्याचं की गेलेल्या दिवसांचं, ते सांगता येत नाही. बाहेरचा फ्राइड राइस मात्र आम्ही बंद केला. तिथली बाटली कोण वाचणार? घरी बाटली आणली की लेक आधी मागची बारीक अक्षरं वाचते, मगच मला झाकण उघडू देते.