शेवटच्या पेटीचा हिशेब

हापूसची ऑनलाइन विक्री खुली करण्याआधी मला फसलेले आणि अर्धवट सोडलेले व्यवहार तपासायचे होते. रत्नागिरीच्या बागायतदार काकांचं दुकान वूकॉमर्सवर उभं केलं होतं, पैसे रेझरपेमार्फत येणार होते. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये खरे पैसे हलत नाहीत, म्हणून आधी तोच वापरला. ‘चाचणी पेटी’ नावाचा माल टाकला, साठा ५. प्रत्येक ऑर्डरनंतर तीन गोष्टी वहीत शेजारी शेजारी लिहायच्या ठरवल्या: ऑर्डरची स्थिती, उरलेला साठा आणि रेझरपेकडे जमा रक्कम.

यूपीआय आयडी म्हणून `success@razorpay` टाकून दोन पेट्या घेतल्या, साठा ३. मग `failure@razorpay` टाकून एक पेटी मागवली. पैसे फसले, साठा ३ वरच राहिला. त्याच ऑर्डरचे पैसे पुन्हा भरता आले, तेव्हा तो २ झाला. इथवर सगळं बरोबर होतं.

पैसे भरलेली ती ऑर्डर रद्द केली. पेटी साठ्यात परत आली, रक्कम मात्र रेझरपेकडेच राहिली. वूकॉमर्समध्ये रद्द करणं आणि परतावा देणं ही दोन वेगळी कामं आहेत. काका म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाइकाचा आंबाही गेला नि पैसेही.” तेव्हाच ठरलं, की पैसे आलेली ऑर्डर नुसती रद्द करायची नाही, परतावाच द्यायचा. माल साठ्यात परत घेण्याची खूणही त्याच ठिकाणी असते.

खरी गोम पुढे निघाली. पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी वूकॉमर्स माल ६० मिनिटं राखून ठेवतं, मग ती ऑर्डर रद्द करतं. चाचणीसाठी ही मुदत २ मिनिटांवर आणली, साठा १ केला. एका ब्राउझरमध्ये पैसे भरण्याची खिडकी उघडीच ठेवली. ऑर्डर रद्द झाल्यावर दुसऱ्या ब्राउझरमधून तीच पेटी विकत घेतली. मग पहिल्या खिडकीत येऊन पैसे भरले. रद्द ऑर्डर पुन्हा जिवंत झाली, कारण उशिरा आलेले पैसे वूकॉमर्स रद्द ऑर्डरवरही स्वीकारतं. साठा दिसला उणे १. पेटी एक, पैसे दिलेले गिऱ्हाईक दोन.

राखीव मुदत पुन्हा ६० मिनिटं केली आणि पैसे भरण्याच्या खिडकीला `timeout: 600`, म्हणजे दहा मिनिटांची मर्यादा घातली. आता ऑर्डर रद्द होण्याच्या बरंच आधी खिडकी बंद होते. तरी बँकेकडून निरोप उशिरा येऊ शकतो, आणि तो उशीर टेस्ट मोडमध्ये दिसत नाही. म्हणून काही पेट्या साइटवर दाखवायच्याच नाहीत, असं काकांनी ठरवलं.

टेस्ट आणि लाइव्हच्या की वेगळ्या असतात, वेबहुकही दोन्हीकडे स्वतंत्र लावावे लागतात. त्यामुळे दुकान उघडण्याआधी खऱ्या पैशांनी एक पेटी घेतली, परतावा दिला आणि रक्कम बँक खात्यात परत आल्यावरच विक्री सुरू केली.