सत्तर हजार फ्लोरिन होते कोठे?

इटलीतील प्रातो या गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० साली निवर्तला, तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे सत्तर हजार सोन्याच्या फ्लोरिनांची होती. औरस संतती नव्हती. त्यामुळे बहुतेक सारी मालमत्ता त्याने गावातील गोरगरिबांसाठी एका धर्मादाय संस्थेच्या नावे केली. मृत्युपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोहोरांनी भरलेली तिजोरी उभी राहते. परंतु तशी तिजोरी नव्हती. हा पैसा पेढ्यांच्या भांडवलात, येण्यात, घरांत आणि शेतजमिनींत विखुरलेला होता. तो नेमका कोठे आहे हे मृत्युपत्र सांगत नाही. त्यासाठी करारनामे आणि वह्या उघडाव्या लागतात.

दातिनीच्या बाबतीत हे शक्य होते, कारण पत्रे व वह्या जपून ठेवाव्यात, असा त्याचा आपल्या भागीदारांना कटाक्षाने आदेश असे. त्याच्या वाड्यातील जिन्याखाली पोत्यांत भरलेले हे दप्तर १८७० साली पुन्हा उजेडात आले. त्यात सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबवह्या आणि सुमारे तीनशे भागीदारीपत्रे होती.

प्रथम भागीदारीपत्रे पाहावीत. दातिनीची एकच मोठी पेढी नव्हती. आविन्यों, पिसा, जिनोआ, फ्लॉरेन्स, बार्सिलोना अशा प्रत्येक ठिकाणी निराळी भागीदारी, निराळा करार आणि निराळ्या वह्या होत्या. करारात कोणी किती भांडवल घातले आणि नफा कसा वाटायचा, हे लिहिलेले असे. प्रत्यक्ष पेढी चालवणाऱ्या भागीदाराला त्याच्या श्रमाबद्दल भांडवलाच्या प्रमाणाहून जास्त वाटा मिळू शके. म्हणून केवळ भांडवलाचा आकडा पाहून नफ्याचा अंदाज बांधणारा चुकतो.

यानंतर हिशेबवह्या. कच्च्या टिपणवहीतून नोंद खतावणीत जाई, आणि भागीदारांचे भांडवल व नफा मात्र ‘गुप्त वही’त लिहिला जाई. ही वही पेढीचा मालक स्वतःजवळ ठेवी. धन्याची खरी स्थिती पाहायची तर शोध या वहीचा घ्यावा. रोजच्या व्यवहाराचे रूप मात्र बाकीच्या वह्यांतूनच कळते. १३९४ साली मायोर्का बेटावरून मागवलेल्या लोकरीची कथा त्यांत संपूर्ण सापडते. लोकर प्रातोला आली, धुऊन, पिंजून, कातून, विणून, रंगवून तिचे सहा तागे झाले आणि ते दूरदूरच्या बाजारांत विकले गेले. मागणीपासून शेवटच्या विक्रीपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला आणि नफा उरला जेमतेम नऊ टक्के. मृत्युपत्रातील भव्य आकड्यामागे अशा संथ, काटकसरीच्या व्यवहारांची रांग उभी होती.

या वह्या वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, खतावणीतील येणे म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे. एखाद्या कुळाच्या खात्यावर वर्षानुवर्षे एकही रक्कम जमा होत नसेल आणि बाकी तेवढी नव्या वहीत ओढली जात असेल, तर ते येणे बुडाले असेच समजावे. दुसरे, एका पेढीचे दुसऱ्या पेढीकडील येणे हे दुसरीच्या वहीत देणे असते. सर्व पेढ्यांची येणी सरसकट बेरजेत धरली, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. तिसरे, तारीख. फ्लॉरेन्सचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तेथील वहीतील ‘फेब्रुवारी १३९९’ हा आपल्या गणनेने १४०० चा फेब्रुवारी ठरतो. पिसातही वर्ष २५ मार्चलाच बदले, पण आकडा एकाने पुढे असे. कार्तिकी संवत आणि चैत्री संवत यांची गल्लत झाली की जुन्या चोपड्यांत जो घोळ होतो, तोच येथेही होतो. पैसे देण्याआधीच पावती झाली असे दिसू लागले, तर प्रथम वर्षगणना तपासावी.

एवढे केल्यावर मृत्युपत्राकडे पुन्हा वळले, की त्यातील अटींचा अर्थ उलगडतो. संस्था चर्चच्या अधिकाराखाली जाऊ नये आणि तिचा कारभार गावाने निवडलेल्या प्रामाणिक गृहस्थांनी पाहावा, असे दातिनीने बजावले होते. दान विखुरलेल्या येण्यांचे आणि जमिनींचे असेल, तर वसुली करणारा आणि हिशेब देणारा कोणीतरी लागतोच, हे पन्नासएक वर्षे वह्या पाहिलेला माणूस जाणून होता. फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या बालकांच्या आश्रमासाठी त्याने एक हजार फ्लोरिन वेगळे ठेवले. त्या आश्रमाचे बांधकाम १४१९ साली सुरू झाले.

माणसाने शेवटी काय इच्छिले हे मृत्युपत्र सांगते, कोणाशी बांधून घेतले हे करारनामा सांगतो आणि प्रत्यक्षात काय घडले हे वही सांगते. तिन्हींचा मेळ बसला, तरच त्या सत्तर हजारांचा पत्ता लागतो.