दहा शब्दांची शिकवणी

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा हिशोब शब्दांवर व्हायचा. एजन्सीच्या खिडकीशी बसलेला माणूस पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवून एकेक शब्द मोजायचा, ठरलेल्या किमान शब्दांच्या वर जितके जातील तितक्यांचे जादा पैसे सांगायचा. कोथरूडच्या बाई, ज्यांच्या शिकवणीच्या जाहिराती मी आजही लिहितो, तेव्हा दरवर्षी जूनच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर एकदा अशी जाहिरात द्यायच्या. मजकूर साधारण असा असे: ‘दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणितविज्ञानाची घरपोच शिकवणी. अनुभवी शिक्षक. कोथरूड, कर्वेनगर.’ आणि शेवटी फोन नंबर. नंबर एक शब्द धरला की बरोबर दहा शब्द.

या दहा शब्दांत मराठी आमच्या बाजूने उभी होती. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा केवढा लांबलचक शब्द, पण हिशोबात एकच. ‘गणितविज्ञानाची’ असा समास केला की दोन विषय एका शब्दाच्या पैशांत बसत. विभक्ती प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटलेली, म्हणजे फुकट. हिंदीत लिहायचं तर ‘के लिए’चे दोन शब्द वेगळे मोजले गेले असते. ती जाहिरात तुटक वाटायची नाही. वाचणाऱ्याला नीट, पुरं मराठी वाक्य मिळायचं. मला त्या जाहिरातींची आठवण येते ती यासाठी.

आता बाईंचं काम त्यांची मुलगी बघते. सात-आठ शिक्षक त्यांच्याकडे आहेत, तेच मुलांच्या घरी जातात. जाहिरात गूगलच्या शोधात येते आणि तिथलं मोजमाप शब्दांचं नाही, कॅरॅक्टरचं. एका हेडलाइनला तीस. तेही आपल्या डोळ्याला दिसतं तसं अक्षर नव्हे. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळा नोंदलेला असतो आणि मोजणी त्यांची होते. ‘दहावीच्या’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. मोजला तर नऊ भरतो, कारण एकट्या ‘च्या’मध्ये च, हलन्त, य आणि काना असे चार आहेत. ‘विद्यार्थ्यांसाठी’ आपल्या लेखी पाच अक्षरं, मोजणीत सतरा. दोन्ही शब्द आणि मधली मोकळी जागा मिळून सत्तावीस होतात. उरले तीन. त्यात ‘गणित’ हा चार कॅरॅक्टरचा शब्दही मावत नाही, मग शिकवणी कुठली मावायला!

ज्या शब्दांनी खिडकीशी पैसे वाचवले तेच इथे सगळ्यांत महाग पडतात. म्हणून आम्ही आता जोडाक्षरं टाळून, प्रत्यय झटकून लिहितो. ‘१०वी गणिताची घरी शिकवणी’ हे तेवीसमध्ये बसतं. ‘दहावी’चे पाच कॅरॅक्टर, ‘१०वी’चे चार, एवढ्या एकासाठीही आकडा लिहावासा वाटतो. ‘विद्यार्थी’ गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही, कारण शिकवणी कुणाला देणार हे सांगावं लागत नाही. ‘अनुभवी’ हा शब्द मात्र मी अजून टाकून देऊ शकलेलो नाही. तो सहाच कॅरॅक्टरचा आहे आणि पालकांना तो वाचायचा असतो.

मधल्या काळाबद्दलही सांगायला हवं, कारण ही मर्यादा एकदम तीसवर आली नाही. गूगलची अॅडवर्ड्स ही सेवा २००० साली सुरू झाली, तिचं गूगल अॅड्स हे नाव २०१८मधलं. सुरुवातीची बरीच वर्षं जाहिरातीचा साचा ठरलेला होता: पंचवीस कॅरॅक्टरची एक हेडलाइन आणि खाली पस्तीस-पस्तीसच्या दोन ओळी. बाईंसाठी तेव्हा आम्ही इंग्रजीतच लिहायचो, कारण शोधणारे पालकही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. आमची हेडलाइन अशी होती:

```
Maths Home Tutor Kothrud
```

चोवीस कॅरॅक्टर. विषय, घरी येणं, शिक्षक आणि उपनगर, चारही गोष्टी आल्या आणि एक जागा शिल्लक राहिली. खालच्या पहिल्या ओळीत इयत्ता आणि बोर्ड, दुसरीत पहिल्या मोफत तासाचा उल्लेख. ती जाहिरात आम्ही लिहिली तशीच, त्याच क्रमाने, प्रत्येक पालकाला दिसायची. छापील जाहिरातीचा हा गुण तिच्यात शिल्लक होता: मजकूर एकसंध असायचा, पहिली ओळ दुसरीला हात द्यायची.

जुलै २०१६मध्ये तीस-तीसच्या दोन हेडलाइन्स आल्या, २०१८मध्ये तिसरीची भर पडली. जागा वाढली याचा आनंद झाला. पण त्याच वर्षी रिस्पॉन्सिव्ह सर्च अॅड आली आणि ३० जून २०२२नंतर जुन्या पद्धतीची जाहिरात नव्याने करताही येईना, होती ती बदलताही येईना. आता आपण पंधरापर्यंत हेडलाइन्स आणि चार वर्णनं लिहून द्यायची आणि कोणती, कुठल्या क्रमाने दाखवायची ते गूगल ठरवणार. कधी तीन दिसतात, कधी दोन, अलीकडे एखादीच.

इथे जुना हात उपयोगी पडत नाही. जाहिरात लिहिणारा माणूस सवयीने एका वाक्याचे तुकडे पाडतो: ‘शिक्षक कोथरूडला घरी येतात’ आणि पुढे ‘आणि पहिला तास मोफत’. क्रम उलटला की पालकाला जाहिरातीच्या सुरुवातीलाच ‘आणि’ दिसतो. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा उभा राहिला पाहिजे. ‘पहिला तास मोफत’ चौदामध्ये बसतो आणि कुठेही पडला तरी चालतो. ‘आठवड्यातून तीन दिवस, दीड तास’ अठ्ठावीसमध्ये बसतो आणि तोही स्वतंत्र आहे. उलट ‘१०वी गणिताची घरी शिकवणी’ आणि ‘दहावी गणित, घरी शिकवणी’ अशा दोन हेडलाइन्स दिल्या तर कधीतरी त्या शेजारीशेजारी लागतात आणि जाहिरात तीच गोष्ट दोनदा सांगते. पंधराचा कोटा भरायच्या घाईत हे फार होतं. शेजारी जाहिरातीचं बळ दाखवणारा मापक असतो, तो आणखी लिहा, आणखी लिहा म्हणत राहतो. त्याचा शेरा ‘उत्तम’ झाला म्हणून फोन वाढतात असं नाही. वेगळं सांगणाऱ्या आठ-नऊ ओळी मला पुरतात.

क्रम पूर्णच सोडून द्यायचा नसेल तर पिन करता येतं. आम्ही पहिल्या जागेवर दोन हेडलाइन्स पिन करतो, त्यांतल्या एकीत विषय आणि घरी येणं हे असतंच. मग पहिली ओळ त्या दोघींपैकी एक असणार याची खात्री असते आणि बाकीच्यांना मोकळं सोडता येतं. एकच पिन केली तर तिच्याशी तुलना करायला दुसरी उरत नाही. मापक पिन केल्यावर खाली येतो. येऊ दे.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त उणीव भासते ती सांगतो. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींना सदरं असत. ‘शिकवणी’ या मथळ्याखाली शिकवणारे, ‘पाहिजेत’ या मथळ्याखाली माणसं हवी असलेले. शिक्षकाची नोकरी शोधणारा तरुण ‘पाहिजेत’च वाचायचा आणि बाईंना फोन करून त्यांचा वेळ घेत नसे. ते सदर आपलं काम मुकाट्याने करत होतं आणि त्यासाठी आम्हाला एकही शब्द खर्च करावा लागत नव्हता.

शोधाच्या पानावर असं सदर नाही. ‘home tutor pune’ असं टाइप करणारा माणूस पालक असतो किंवा शिकवणीचं काम शोधणारा पदवीधर असतो. शब्द दोघांचे तेच. आमची एक हेडलाइन ‘अनुभवी गृहशिक्षक, पुणे’ अशी होती, तेव्हा क्लिक भरपूर यायचे आणि चौकशीच्या अर्जात लोक आपला बायोडेटा भरायचे. जुन्या पद्धतीत जादा शब्दाचे पैसे जायचे, इथे चुकीच्या माणसाच्या क्लिकचे जातात. सर्च टर्म्सचा अहवाल उघडला की कारण दिसतं: `home tutor jobs in pune`, `part time tutor job kothrud`. त्यावर उपाय दोन. एक, `jobs`, `job`, `vacancy`, `salary` आणि ‘नोकरी’ हे निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकायचे, म्हणजे त्या शोधांना जाहिरात दिसतच नाही. पण नुसतं `home tutor pune` टाइप करणारा पदवीधर यातून सुटतो, त्याला हेडलाइननेच सांगावं लागतं. म्हणून आता पहिल्या जागेवरची एक ओळ ‘मुलांसाठी शिक्षक हवेत?’ अशी आहे, बावीस कॅरॅक्टर. दुसरीकडे ‘मासिक फी ४००० पासून’ ही एकोणीसची ओळ. फी वाचून काम शोधणारा ओळखतो की हे पैसे देणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या पालकांना ती झेपणार नाही तेही क्लिक करत नाहीत. क्लिक कमी झाले, बायोडेटा जवळजवळ थांबले, चौकश्या तेवढ्याच राहिल्या. सदराचं काम आता त्या एकेचाळीस कॅरॅक्टरांत होतं.

दोन गोष्टी मात्र कितीही जागा असली तरी हेडलाइनमध्ये येऊ शकत नाहीत. पहिली फोन नंबर. छापील जाहिरातीचा तोच प्राण होता, पुढे ‘सायं. ७ नंतर’ असं लिहायचो, कारण दिवसा बाई शाळेत असत. गूगलच्या नियमांत जाहिरातीच्या मजकुरात नंबर चालत नाही, तो कॉल अॅसेट म्हणून वेगळा जोडावा लागतो. बाईंच्या मुलीने तो दुपारी चार ते रात्री नऊ एवढ्याच वेळेत दिसेल असं ठरवून ठेवलंय, म्हणजे ‘सायं. ७ नंतर’ची सोय तिने न लिहिताच केली. दुसरी गोष्ट ‘नामांकित शाळेतील शिक्षक’ हे शब्द. एकेकाळी यापेक्षा वजनदार शब्द शिकवणीच्या जाहिरातीत नव्हते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई केली, त्यानंतर आम्ही ते शब्द काढले. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण बाकीच्या शिक्षकांच्या बाबतीत शंका नको.

गेल्या आठवड्यात मुलीने आईला नवी हेडलाइन वाचून दाखवली. बाईंनी कागद मागवला, त्यावर ती लिहिली आणि विचारलं, “अगं, यात विज्ञान कुठे गेलं?” मी म्हटलं, “बाई, ‘गणित-विज्ञानाची’ लिहिलं तर ‘घरी’ जाईल.” बाई थोडा वेळ मोजत बसल्या, मात्रा वेगळ्या धरायच्या हे त्यांना आधीच सांगितलं होतं. मग म्हणाल्या, “शिकवणी सहा आहे. ती काढ. ‘१०वी गणित-विज्ञान, घरी येऊन’ असं लिही. घरी येऊन दुसरं काय करणार आहेत?” आम्ही मोजलं. २७. ती ओळ सोमवारपासून पहिल्या जागेवर पिन आहे, ‘मुलांसाठी शिक्षक हवेत?’च्या जोडीला, आणि महिनाभराने दोघींच्या चौकश्यांचे आकडे बघून कुठली ठेवायची ते ठरवू.