आकसलेल्या दिवसानंतरचा सौदा

संध्याकाळी दिवसाचे आकडे आले की माझ्या यादीतल्या शेअरांत मी एकच गोष्ट शोधते: आज कोण आकसला? आकसला म्हणजे दोन अटी पुऱ्या झाल्या. आजचा उच्चांक कालच्या उच्चांकाच्या खाली आणि आजचा नीचांक कालच्या नीचांकाच्या वर, म्हणजे इनसाइड बार. शिवाय उच्चांक-नीचांकातलं अंतर गेल्या सात दिवसांत सर्वांत कमी, म्हणजे एनआर-7. टोबी क्रेबेल या अमेरिकन ट्रेडरने 1990 सालच्या पुस्तकात अशा अरुंद दिवसांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, तेव्हापासून ही नावं रुळली आहेत.

असा दिवस पुढची दिशा सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो देतो ते जवळचा स्टॉप. वरचं टोक फुटलं तर खरेदी आणि खालच्या टोकाखाली स्टॉप. अंतर लहान, म्हणून चूक ठरली तर किती जाणार हे आदल्या रात्रीच ठाऊक असतं.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर बरेच आठवडे चढत होता. त्यात एक दिवस 812 ते 794 असा गेला आणि दुसऱ्या दिवशी भाव 808.50 ते 799.50 मध्येच अडकला. नऊ रुपयांची हालचाल. त्याआधीच्या सहांपैकी एकही दिवस सतरा रुपयांपेक्षा अरुंद नव्हता. मी 809 ट्रिगर आणि 810 लिमिट अशी खरेदीची ऑर्डर ठरवली, स्टॉप 799 ला. एका शेअरमागे जोखीम दहा रुपये. एका सौद्यात दोन हजारांहून जास्त गमवायचे नाहीत हा माझा नियम, म्हणून दोनशे शेअर.

सकाळी भाव 804 ला उघडला, 800.20 पर्यंत घसरला, पण खालचं टोक टिकलं. दुपारच्या आत 809.10 ला खरेदी झाली. मग भाव 813 वरून पुन्हा 803 ला आला. या घटकेला हात शिवशिवतो, स्टॉप वर ओढून तोटा कमी करावासा वाटतो. मी तो हलवला नाही. आदल्या दिवसाच्या पट्ट्यात भाव परतणं नेहमीचं आहे आणि 799 तुटेपर्यंत सौद्यामागचं कारण शाबूत असतं. शेअर 817 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी 829.10 ला, म्हणजे जोखमीच्या दुप्पट नफ्यावर, शंभर विकले आणि उरलेल्यांचा स्टॉप त्या दिवसाच्या नीचांकाखाली 813.50 ला आणला. तिसऱ्या दिवशी तो लागला. एकूण 2,440 रुपये, खर्च वजा जाता त्याहून कमी.

हा खर्च अरुंद दिवशी जास्त टोचतो. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी लागतो. आठशेच्या शेअरवर येऊन-जाऊन तो सुमारे एक रुपया साठ पैसे होतो, तोही दहा रुपयांच्या जोखमीवर. म्हणून भावाच्या एक टक्क्याहून अरुंद दिवस मी सोडून देते.

लिमिटचा एक रुपया मी मुद्दाम ठेवते. समजा शेअर 826 ला उघडला. साधी स्टॉप ऑर्डर तिथेच खरेदी करून मोकळी होईल. स्टॉप 799 लाच असेल, म्हणजे जोखीम दहाऐवजी सत्तावीस रुपये आणि दोनशे शेअरांवर 5,400. लिमिट असली की ऑर्डर नुसती उभी राहते आणि मी ती रद्द करते. दोन्ही टोकं एकाच दिवशी फुटण्याचा प्रकारही घडतो: वरचं फुटून खरेदी होते आणि संध्याकाळपर्यंत स्टॉप लागतो. काही जण तिथेच उलटा सौदा घेतात. मी घेत नाही, कारण रोख बाजारात शॉर्ट केलेला शेअर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो आणि मला हवी असते पुढच्या दोन-तीन दिवसांची चाल. त्याच कारणाने मी चढत्या शेअरांतच हे करते.

काही आकसलेले दिवस फसवे असतात. दिवाळीतलं मुहूर्ताचं सत्र तासाभराचं, तिथे अंतर कमी येणारच. तो दिवस मी मोजणीतच धरत नाही. अप्पर सर्किटला चिकटलेल्या शेअरचंही तसंच, तिथे विकणाराच नसतो.

सर्वांत जपायचं ते कंपनीच्या निकालाआधीच्या शांततेला. तेव्हा दिवस अगदी देखणे आकसतात, पण निकालानंतर शेअर 780 ला उघडला तर 799 चा स्टॉप कागदावरच राहतो आणि दोनशे शेअरांवर 5,800 जातात. जवळच्या स्टॉपमुळे शेअरांची संख्या वाढलेली असते, म्हणून हा फटका रुंद दिवशी घेतलेल्या सौद्यापेक्षा मोठा बसतो. ऑर्डर लावण्याआधी मी निकालाची तारीख बघते आणि ती आठवड्याच्या आत असेल तर शेअर यादीतून त्या वेळेपुरता काढते.