खोली बंद, एमसीबी चालू

डीबीवर नावं लिहिलेली नसली की पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: खोलीत रेडिओ मोठ्यानं लावायचा, डीबीपाशी यायचं आणि एकेक एमसीबी खाली पाडत जायचा. रेडिओ थांबला की खोलीचा एमसीबी सापडला. उपाय उत्तम आहे, फक्त खोलीत वीज हवी. खोलीच बंद पडलेली असेल तर बारापैकी कुठलाही एमसीबी पाडला तरी तिथं काहीच बदलत नाही, आणि आपण बारा खटके वाजवून होतो तिथंच उभे राहतो.

अशा वेळी माणसं सर्किट ट्रेसर काढतात. त्याचा ट्रान्समीटर सॉकेटमध्ये खोचायचा आणि रिसीव्हर घेऊन डीबीकडे जायचं. पण बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक ट्रान्समीटर सॉकेटमधल्या विजेवरच चालतात. ते लाइनमधून करंटचे छोटे छोटे ठोके ओढतात, त्या ठोक्यांचं चुंबकीय क्षेत्र एमसीबीपाशी उमटतं आणि रिसीव्हरमधली कॉइल ते पकडते. बंद सॉकेटमध्ये खोचलेला असा ट्रान्समीटर म्हणजे नुसतं प्लास्टिक. बंद खोलीसाठी स्वतःची बॅटरी असलेला, दोन्ही प्रकारे चालणारा ट्रेसर लागतो. तो महाग आहे, आणि तो हातात आला तरी खोली कशानं बंद पडली आहे हे आधी ठरवावंच लागतं.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतल्या मावशींचं घर सांगतो. मागची खोली आदल्या रात्री गेलेली, सगळे एमसीबी वर, आरसीसीबीसुद्धा वर. डीबीच्या झाकणावर चिठ्ठीचा पत्ता नाही. "दादा, सगळे खटके मी दोनदा खालीवर करून बघितले," मावशी म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी आधी टेस्ट लॅम्प काढला, होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. डिजिटल मीटर अशा ठिकाणी फसवतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे तुटलेल्या वायरीतही साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. बल्बाला खरा करंट लागतो. तो फेज आणि न्यूट्रलमध्ये पेटला नाही, फेज आणि अर्थमध्येही नाही. मग शेजारच्या खोलीतून एक्स्टेन्शननं चालू फेज आणून या खोलीच्या न्यूट्रलशी लावला, तेव्हा पेटला. म्हणजे न्यूट्रल शाबूत होता, फेज वाटेत कुठंतरी तुटला होता. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रल तुटलेला असता आणि एखादं बटण चालू असतं, तर साधा निऑन टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला असता.

डीबीचं झाकण उघडून प्रत्येक एमसीबीच्या आउटपुटला लॅम्प लावला. सगळीकडे वीज होती. एखादं आउटपुट मेलेलं निघालं असतं तर ट्रेसर पेटीतच राहिला असता. आता तुटण्याची जागा भिंतीत कुठंतरी होती, आणि कुठला एमसीबी हे तिच्या पलीकडून कळणार नव्हतं. आधी जागा, मग एमसीबी.

मेन खाली पाडला. मेन पाडल्यावरही त्याच्या वरच्या बाजूच्या स्क्रूंना वीज असते, म्हणून झाकण परत लावून टाकलं. ट्रान्समीटर बॅटरीवर घेतला, एक क्लिप खोलीच्या फेजला आणि दुसरी लांब सुट्या वायरीनं डीबीच्या अर्थ पट्टीला. ती वायर मी फरशीवरून, कंड्युइटच्या वाटेपासून जमेल तितकी लांब अंथरली. सोय म्हणून त्याच सॉकेटचा न्यूट्रल दुसऱ्या टोकाला लावला, तर जाणारा आणि परतणारा सिग्नल एकाच पाइपात शेजारी शेजारी वाहतो, दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि भिंतीवर रिसीव्हर मुका राहतो.

त्याआधी खोलीतली सगळी बटणं बंद केली आणि सगळे प्लग काढले. हे विसरलं की ट्रेसर खोटं बोलतो. चालू ठेवलेल्या पंख्यातून सिग्नल न्यूट्रलवर उतरतो, न्यूट्रल तर तुटलेला नसतो, आणि रिसीव्हर थेट डीबीपर्यंत आनंदानं ओरडत जातो. आपल्याला वाटतं फेज सलग आहे.

तुटलेल्या वायरीत सिग्नल क्षीणच असतो, कारण करंटला पुढं वाट नसते. वायर आणि तिच्या आसपासच्या धातूमधून जेवढा झिरपेल तेवढाच. म्हणून रिसीव्हरची संवेदनशीलता वर ठेवून भिंतीवरून हळू फिरवायचा, टोक वायरीच्या दिशेशी जुळवून. स्विचबोर्डापासून वर, मग छताखालून दाराकडे आवाज येत होता. दारावरच्या माळ्यापाशी एकदम पडला. माळ्यावरची पितळी भांडी मावशींच्या सूनबाईंनी उतरवून दिली, आणि मागं रंगानं बुजलेला जंक्शन बॉक्स निघाला. आत फेजचा टेप गुंडाळलेला जोड काळा पडून सुटला होता.

आता वरच्या बाजूच्या टोकाला वीज मिळणार होती. ते टोक आणि बॉक्समधला न्यूट्रल यांच्यामध्ये ट्रान्समीटर जोडला आणि मग मेन वर केला. इथं मात्र न्यूट्रल चालतो, कारण डीबीत दोन्ही वायरी वेगळ्या होतात: फेज एमसीबीला, न्यूट्रल लिंकला. फेज आणि अर्थमध्ये जोडला असता आणि सिग्नलचा करंट 30 मिलिअँपिअरच्या जवळपास गेला असता, तर आरसीसीबीनं अख्खं घर बंद केलं असतं.

डीबीवर पहिल्या फेरीत तीन शेजारी एमसीबी वाजले. ते नेहमीचंच आहे, वायरी एकाच गठ्ठ्यात येतात आणि सिग्नल सांडतो. रिसीव्हर प्रत्येक एमसीबीच्या त्याच जागी, त्याच कोनात टेकवून संवेदनशीलता उतरवत गेलो तसा डावीकडून चौथा एकटा उरला. पण वाजणं हा पुरावा नव्हे. मेन पाडून ट्रान्समीटर काढला, त्या जागी टेस्ट लॅम्प जोडला आणि मेन वर केला. मग चौथा खाली पाडला, आणि माळ्यावरून सूनबाई ओरडल्या, "गेला!"

चौथा एमसीबी 32 अँपिअरचा होता आणि त्यातून निघालेली वायर अडीच स्क्वेअरची. जोड सैल असला की नेहमीच्या करंटलाही तिथं उष्णता होते, आणि एमसीबीला ती दिसत नाही. तो फक्त जास्तीचा करंट बघतो. पण इतका मोठा एमसीबी त्या वायरीवर कुणी बसवला, तो बहुधा एसी चालवताना ट्रिप होतो म्हणून. जोड कापून नीट कनेक्टरनं केला, एमसीबी 16 चा बसवला आणि मावशींना सांगितलं, की हा पडायला लागला तर एसीसाठी वेगळी लाइन ओढावी लागेल, मोठा एमसीबी नाही.

मग खोल्यांना वीज होतीच, तेव्हा उरलेले अकरा रेडिओच्या पद्धतीनं लावून टाकले. झाकणाच्या आतल्या बाजूला पेननं नावं लिहिली. दहावा मात्र कशाचाच निघेना. पाडला तर घरात काहीच बंद होत नव्हतं, आणि क्लॅम्प मीटर लावला तर त्यातून करंट वाहत होता. ट्रेसर लावून वायरीमागे गेलो, ती पॅसेजच्या भिंतीतून बाहेर पडून जिन्याकडे वळत होती. दहावा परत पाडला तेव्हा जिन्यातला दिवा गेला. "वीस वर्षं मी बिल भरतेय?" मावशींनी विचारलं. त्याचं उत्तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी द्यायचं होतं. मी दहाव्यापुढं 'जिना' लिहिलं आणि झाकण लावलं.